परिपाठ लांबला, तास वीस मिनिटांचा उरला: पाठातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं?

शाळेचा परिपाठ ठरलेल्या वेळेत संपला तर पहिल्या तासाला धक्का लागत नाही. राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांत होतं. प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि बातम्या यांची वेळही साधारण ठरलेली असते. लांबतं ते त्यापुढचं: जयंतीनिमित्तचं भाषण, पाहुण्यांचं स्वागत, स्पर्धेतल्या विजेत्यांचं कौतुक, स्नेहसंमेलनाच्या सूचना. मग चाळीस मिनिटांच्या तासातली वीस मिनिटं मैदानावरच संपतात. मुलं रांगेने वर्गात येतात तेव्हा शिक्षकाच्या हातात चाळीस मिनिटांचं टाचण असतं आणि घड्याळात वीस मिनिटं.

हा फटका सगळ्या विषयांना सारखा बसत नाही. परिपाठानंतरचा तास हा पहिला तास असतो आणि अनेक शाळांत मुलं ताजीतवानी असतात म्हणून तिथे गणित किंवा भाषा ठेवलेली असते. म्हणजे ज्या विषयाला सर्वांत चांगली वेळ द्यायची म्हणून पहिला तास दिला, त्याचीच वेळ पुन्हा पुन्हा कापली जाते. त्यात पहिल्या तासाला हजेरीही असते. अशा वीस मिनिटांत पाठ घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे पाचवीच्या गणितातल्या एका पाठावर पाहू: भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज.

मूळ पाठ कसा होता?

समजा, बेचाळीस मुलांच्या वर्गासाठी शिक्षिकेने चाळीस मिनिटांचं टाचण असं केलं आहे. पहिली सहा मिनिटं सममूल्य अपूर्णांक आणि समच्छेद अपूर्णांकांची बेरीज यांची उजळणी. पुढची चार मिनिटं भाकरीच्या वाटणीची गोष्ट सांगून विषयाची प्रस्तावना. मग दहा मिनिटं गटात कागदी पट्ट्यांची कृती. त्यासाठी प्रत्येक गटाला १२ सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या, पट्टी आणि कात्री. १२ ही लांबी मुद्दाम घेतलेली आहे, कारण तिचे दोन, तीन, चार आणि सहा समान भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये पडतात. त्यानंतर आठ मिनिटं फळ्यावर दोन प्रकारची उदाहरणं: एक छेद दुसऱ्याच्या पटीत असलेलं (१/२ + १/४) आणि कोणताच छेद दुसऱ्याच्या पटीत नसलेलं (१/२ + १/३). मग आठ मिनिटं सहा गणितांचा सराव आणि शेवटची चार मिनिटं समारोप व गृहपाठ.

टाचण चांगलं आहे. अडचण एवढीच की ते चाळीस मिनिटांचं आहे.

दोन सोपे मार्ग आणि त्यांचा तोटा

वेळ कमी पडली की पहिला मार्ग सुचतो तो घाईचा: सगळं घ्यायचं, फक्त दुप्पट वेगाने. यात शिक्षकाचं बोलणं वेगाने होऊ शकतं, पण मुलांचं घडी घालणं, लिहिणं आणि विचार करणं वेगाने होत नाही. त्यामुळे प्रत्येक टप्प्यात नेमकं मुलांचं काम कापलं जातं आणि शिक्षकाचं बोलणं शाबूत राहतं. कृती शिक्षिकाच करून दाखवते, उदाहरण फळ्यावर तीच सोडवते, मुलं वहीत उतरवून घेतात. तास संपताना वह्या भरलेल्या असतात. पण त्या बेचाळीस वह्यांमध्ये एकच उत्तर असतं, ते म्हणजे फळ्यावरचं.

दुसरा मार्ग म्हणजे टाचण वरून सुरू करायचं आणि घंटा होईल तिथे थांबायचं. इथे वेळापत्रकच सांगतं काय होईल: सहा, चार आणि दहा मिळून वीस मिनिटं होतात. म्हणजे उजळणी, गोष्ट आणि कागदाची कृती झाली की घंटा. मुलांनी पट्ट्या कापल्या, रंगवल्या, पण अपूर्णांकांची एकही बेरीज केली नाही. अध्यापक विद्यालयात शिकवली जाणारी हर्बार्टची पंचपदी ज्यांना आठवते त्यांना हे लगेच ओळखू येईल. तिच्यातली शेवटची पायरी उपयोजनाची, म्हणजे शिकलेलं वापरून पाहण्याची. शेवटून कापलेल्या पाठात नेहमी तीच पायरी जाते. आणि मुलाला कळलं की नाही, हे फक्त तिथेच दिसतं.

दोन्ही मार्गांत दुसऱ्या दिवशी शिक्षिकेला वाटतं, पाठ ‘झाला’ किंवा ‘अर्धा झाला’. मुलांना काय येतं हे तिला माहीत नसतंच. तोटा त्या वीस मिनिटांपुरता थांबत नाही. पुढचे दोन दिवस तिला अंदाजाने शिकवावं लागतं.

सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून

कापण्याची चांगली पद्धत उलटी असते. तासाच्या शेवटी प्रत्येक मुलाने कोणाच्याही मदतीशिवाय कोणता एक प्रश्न सोडवायला हवा, हे आधी ठरवायचं. मग त्या प्रश्नापर्यंत पोचायला जे लागेल तेवढंच ठेवायचं. मैदानावर दुसरं भाषण सुरू झालं की तास कापला जाणार हे कळतंच. हा निर्णय तिथे उभं राहूनही घेता येतो.

आपल्या पाठात मूळ उद्दिष्ट होतं, ‘भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज करता येणे.’ वीस मिनिटांसाठी ते फार रुंद आहे. त्यात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली कल्पना: तुकडे एकाच मापाचे असल्याशिवाय मोजून एकत्र करता येत नाहीत, म्हणून आधी छेद सारखे करायचे. दुसरी रीत: दोन्ही छेदांना चालेल असा छेद शोधून काढायचा. १/२ + १/४ मध्ये फक्त पहिली गोष्ट लागते, कारण चार हा छेद समोरच आहे. १/२ + १/३ मध्ये दोन्ही लागतात, कारण सहा हा छेद कुठेच लिहिलेला नाही, तो शोधावा लागतो.

वीस मिनिटांत पहिली गोष्ट पक्की होऊ शकते. दोन्ही घ्यायच्या म्हटलं तर दोन्ही कच्च्या राहतात. म्हणून उद्दिष्ट अरुंद करायचं: ‘एक छेद दुसऱ्याच्या पटीत असेल तेव्हा बेरीज करता येणे.’ शेवटचा प्रश्न ठरतो २/३ + १/६.

हा प्रश्न सहज निवडलेला नाही. त्याची चुकीची उत्तरंही बोलतात. ज्या मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला, त्याचं उत्तर ३/९ येईल. ज्याने छेद सहा करायचा हे लक्षात ठेवलं पण २/३ चा अंश तसाच ठेवला, त्याचं ३/६ येईल. ज्याने दोन्ही छेदांचा गुणाकार केला त्याचं १५/१८ येईल. ते बरोबरच आहे, फक्त लांबच्या रस्त्याने आलं आहे. आणि ज्याला आजचा पाठ कळला त्याचं ५/६. म्हणजे वहीकडे एक नजर टाकली की मूल कुठे अडलं ते कळतं. याउलट १/२ + १/२ सारखा प्रश्न विचारला तर त्यातून काहीच कळलं नसतं, कारण तिथे छेद आधीच सारखे आहेत.

वीस मिनिटांचा पाठ, मिनिटागणिक

*पहिली तीन मिनिटं.* मुलं वर्गात येत असतानाच फळ्यावर एक ओळ लिहिलेली असते: १/२ = □/४ आणि २/५ = □/१०. दप्तर ठेवलं की वही उघडायची आणि चौकटी भरायच्या. हजेरी याच वेळेत होते. सहा मिनिटांच्या उजळणीची जागा या दोन चौकटी घेतात. आजच्या बेरजेला पूर्वज्ञान एवढंच लागतं. समच्छेद बेरजेची वेगळी उजळणी लागत नाही, कारण ती पुढच्या टप्प्यात आपोआप येणार आहे.

इथे एक निर्णयही दडलेला आहे. हजेरी झाल्यावर शिक्षिका दोन रांगांमधून चालत जाते. बहुतेकांच्या चौकटीत २ आणि ४ आहेत का? असतील तर पुढे जायचं. पण दहा-बारा वह्यांपैकी चार-पाच वह्यांत चौकट रिकामी असेल किंवा काहीतरी भलतंच असेल, तर आज बेरीज घेऊन उपयोग नाही. उरलेली सतरा मिनिटं सममूल्य अपूर्णांकांनाच द्यायची आणि बेरीज उद्या. ज्या मुलाला १/२ म्हणजे २/४ हेच पटलेलं नाही, त्याला बेरजेची रीत फक्त पाठ करता येईल.

*पुढची चार मिनिटं.* कागदाची कृती राहते, पण तिचं रूप बदलतं. कात्री, पट्टी आणि गट जातात. साहित्य वाटायला आणि गोळा करायलाच चार मिनिटं लागली असती. त्याऐवजी प्रत्येक मुलाने कच्च्या वहीच्या पानाची एक लांब पट्टी फाडायची. ती मधोमध दुमडायची, मग पुन्हा एकदा दुमडायची. उलगडली की चार समान भाग दिसतात. डाव्या बाजूचा अर्धा भाग रंगवायचा. मग उजवीकडचा एक पाव भाग रेघा मारून भरायचा.

अर्धा आणि पाव हेच निवडण्याचं कारण घडीत आहे. मधोमध दुमडणं कोणालाही जमतं. तिसरा भाग पाडायला मात्र अंदाज घ्यावा लागतो, घड्या वाकड्या पडतात आणि तेवढ्यात तीन मिनिटं जातात. दुसरं कारण भाषेत आहे. अर्धा किलो आणि पाव किलो मिळून पाऊण किलो, हे पाचवीतल्या अनेक मुलांना दुकानातून माहीत असतं. उत्तर ठाऊक असलेल्या प्रश्नावर नवी रीत शिकवली की रीत बरोबर आहे की नाही हे मुलांना स्वतःच पडताळता येतं. भाकरीच्या गोष्टीचं काम हा पाऊण किलो एका वाक्यात करतो, म्हणून ती गोष्ट सोडता येते.

*पुढची पाच मिनिटं.* फळा. शिक्षिका आधी चुकीचं उत्तर लिहिते: १/२ + १/४ = २/६. आणि विचारते, हे का चालणार नाही? पट्टीकडे पाहून मुलं सांगतील, तीन भाग भरलेत आणि भाग चार आहेत, सहा नाहीत. कोणी सांगेल, पाऊण यायला हवं. याहून पक्का मुद्दा आकड्यातच आहे. २/६ म्हणजे १/३, आणि १/३ हा अर्ध्यापेक्षा लहान. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि अर्ध्याहून कमी उरलं, हे शक्य नाही. बेरीज आधीच्या संख्येपेक्षा लहान कशी होईल, हा प्रश्न मुलांना पुढे प्रत्येक वेळी आपलं उत्तर तपासायला उपयोगी पडतो.

पूर्ण तासातही हा भाग दोन-तीन मिनिटांचाच असता. वेळ कमी आहे म्हणून तोच वगळायचा मोह होतो, पण तो वगळायचा नसतो. छेदात छेद मिळवणं ही या पाठातली सर्वांत सहज होणारी चूक आहे, कारण पूर्णांकांची बेरीज करताना मुलं वर्षानुवर्षं दिसेल ती संख्या मिळवत आलेली असतात. बरोबर रीत शेजारी दाखवली म्हणून जुनी सवय जात नाही. जुन्या सवयीने आलेलं उत्तर अशक्य आहे हे दिसावं लागतं.

मग बरोबर मांडणी: १/२ चे २/४ झाले, २/४ + १/४ = ३/४. इथे एक वाक्य ठासून सांगायचं: छेदाला ज्याने गुणलं, अंशालाही त्यानेच गुणायचं. पट्टीवर ते दिसतंच. भाग दुप्पट झाले तसे रंगवलेले तुकडेही दुप्पट झाले, कागद मात्र तेवढाच राहिला. दुसरं उदाहरण २/५ + ३/१०. सुरुवातीच्या चौकटीमुळे २/५ = ४/१० फळ्यावर आधीच आहे. ४/१० + ३/१० = ७/१०. हे मुलांनी सांगायचं, शिक्षिकेने फक्त लिहायचं.

*पुढची चार मिनिटं.* सराव. सहाऐवजी दोनच गणितं: १/२ + ३/८ आणि १/४ + ३/८. शेजारच्याशी बोलून सोडवायची, पण प्रत्येकाने आपल्या वहीत लिहायची. उत्तरं ७/८ आणि ५/८ येतात. ही दोन्ही उत्तरं एकपेक्षा लहान आहेत आणि त्यांना संक्षिप्त रूप द्यावं लागत नाही. ३/४ + १/२ दिलं असतं तर ५/४ आलं असतं आणि पूर्णांकयुक्त अपूर्णांकाची चर्चा निघाली असती. १/३ + १/६ दिलं असतं तर ३/६ आल्यावर ‘बाई, १/२ लिहायचं का?’ हा प्रश्न आला असता. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण आजचे नाहीत. संख्या विचारपूर्वक निवडल्या तर एकही शब्द न कापता दोन-तीन मिनिटं वाचतात.

*शेवटची तीन मिनिटं.* २/३ + १/६. आता शेजाऱ्याशी बोलायचं नाही. वहीच्या मागच्या पानावर सोडवायचं आणि उत्तराला गोल करायचा. शिक्षिका रांगांमधून फिरते किंवा वह्या उघड्या ठेवून गोळा करते.

*उरलेलं एक मिनिट.* गृहपाठ: याच प्रकारची तीन गणितं. समारोपाचं वेगळं भाषण नाही.

एकूण बेरीज वीस मिनिटं. मूळ टाचणातली गोष्ट गेली, कात्री गेली, चार सराव गणितं गेली आणि १/२ + १/३ उद्यावर गेलं. मुलांच्या हातून होणारं काम मात्र प्रत्येक टप्प्यात शिल्लक आहे.

‘समजलं का?’ या प्रश्नाचं उत्तर

तास लहान असला की शेवटच्या तीन मिनिटांच्या जागी एक वाक्य येतं: ‘समजलं का सगळ्यांना?’ त्यावर बेचाळीस आवाजांत ‘हो’ येतो. हा ‘हो’ खोटा नसतो. फळ्यावरचं उदाहरण पाहताना ते खरंच समजल्यासारखं वाटतं. पण उदाहरण समजणं आणि नवं गणित स्वतः सोडवता येणं यांत अंतर आहे, आणि ते सामुदायिक ‘हो’मध्ये ऐकू येत नाही. हात वर करणाऱ्या तिघा-चौघांना फळ्यावर बोलावलं तरी तेच होतं. ज्यांना येतं तेच पुढे येतात.

समजा, त्या दिवशी मागच्या पानांवर बेचाळीसपैकी सत्तावीस जणांचं ५/६ आलं, नऊ जणांचं ३/६ आणि सहा जणांचं ३/९. या तीन आकड्यांवरून दुसऱ्या दिवसाचं टाचण जवळपास लिहून होतं. ३/६ वाल्या नऊ जणांना कल्पना कळली आहे, अंशाला गुणायचं राहिलं आहे. त्यांच्यासाठी सुरुवातीला पट्टीवरून पाच मिनिटांची आठवण पुरेल. ३/९ वाले सहा जण अजून जुन्या सवयीत आहेत. त्यांना एकत्र बसवून विचारावं लागेल की ३/९ म्हणजे १/३. आपण २/३ पासून सुरुवात केली, त्यात आणखी मिळवलं, मग कमी कसं झालं? हे होईतोवर बाकीचा वर्ग नवं गणित सोडवत राहू शकतो.

आकडे उलटे आले असते, म्हणजे अर्ध्याहून जास्त मुलांनी ३/९ लिहिलं असतं, तर अर्थ वेगळा होता. मग चूक मुलांच्या घाईची नसते, पाठात कल्पनाच पोचलेली नसते. अशा वेळी १/२ + १/३ कडे जाणं लांबवायचं आणि पट्टीपासून पुन्हा सुरुवात करायची. हे तास संपताना कळलं तर एक दिवस जातो. घटक चाचणीत कळलं तर महिना गेलेला असतो.

राहिलेला भाग गृहपाठात ढकलू नये

कापलेल्या पाठातली सर्वांत सामान्य चूक तास संपल्यावर होते. ‘पुढची दोन उदाहरणं घरून करून आणा’ असं सांगितलं जातं. म्हणजे १/२ + १/३ सारखं गणित, ज्यात छेद शोधावा लागतो आणि जे वर्गात एकदाही झालेलं नाही, ते घरी जातं.

तिथे दोन गोष्टी होतात. ज्या घरात शिकवणारं कोणी नाही, तिथे मूल अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतं आणि आज कशीबशी ढिली झालेली सवय पुन्हा घट्ट होते. ज्या घरात शिकवणारं आहे किंवा मूल शिकवणीला जातं, तिथे तिरकस गुणाकाराची युक्ती शिकवली जाते. उत्तर बरोबर येतं, पण का येतं हे कळत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात बरोबर उत्तरं दिसतात आणि शिक्षिकेला वाटतं की हा भाग शिकवायची गरज नाही. म्हणून कापलेल्या दिवसाचा गृहपाठ फक्त वर्गात झालेल्या प्रकारचा असावा.

राहिलेला भाग जातो तो टाचणाच्या वहीत. तिथे पाठापुढे ‘पूर्ण’ असा शेरा न लिहिता नेमकं काय शिल्लक आहे ते एका ओळीत लिहायचं: ‘छेद पटीत नसलेली बेरीज, १२ सेंमी पट्टीची कृती शिल्लक.’ दुसऱ्या दिवशी कात्री आणि पट्ट्या बाहेर येतात आणि आता त्या जास्त उपयोगी ठरतात. १२ सेंटिमीटरच्या पट्टीचा अर्धा भाग ६ सेंटिमीटर, तिसरा भाग ४ सेंटिमीटर, दोन्ही मिळून १० सेंटिमीटर. दोन सेंटिमीटर हा पट्टीचा सहावा भाग. म्हणजे पाच सहांश भरले. हाच छेद, सहा, आकड्यांतून कसा शोधायचा, इथून दुसऱ्या दिवसाचा पाठ सुरू होतो. पहिल्या दिवशी एका तासात कोंबलं असतं तर याच कृतीतून हा प्रश्न निघाला नसता, कारण छेद सारखे का करायचे हेच तेव्हा नवं होतं.

सगळंच उद्यावर टाकायचं नसतं. गोष्ट आणि उरलेली चार सराव गणितं परत आणायची गरज नाही. गोष्टीचं काम पाऊण किलोने केलं आणि सरावाचं काम गृहपाठाने. कापलेल्या प्रत्येक भागाला हा प्रश्न विचारावा: त्याचं काम दुसऱ्या कशाने झालं का? झालं असेल तर तो कायमचा गेला. नसेल तर तो उद्याचा.

जे पाठ कापता येत नाहीत

अपूर्णांकांचा पाठ कापता आला, कारण त्यात दोन पायऱ्या होत्या आणि पहिली स्वतःच्या पायावर उभी राहू शकत होती. सगळे पाठ असे नसतात. विज्ञानात पाणी तापवून वाफ आणि पुन्हा थेंब दाखवायचे असतील तर पाणी वीस मिनिटांत अर्धवट तापलेलं पाहण्यात अर्थ नाही. मराठीच्या तासाला निबंधाचा पहिला खर्डा लिहायचा असेल तर विचार करायला लागणारी पहिली दहा मिनिटं कापता येत नाहीत. चाचणीचंही तसंच. वीस गुणांची चाचणी दहा गुणांवर आणली तर ती वेगळीच चाचणी होते.

अशा वेळी पाठ न कापता बदलून घेणं बरं. आजची वीस मिनिटं सराव, प्रकट वाचन, पाढे किंवा मागच्या पाठातल्या चुकांची दुरुस्ती यांना द्यायची आणि अखंड तास लागणारा पाठ तसाच्या तसा उद्या घ्यायचा. ओळखण्याची खूण सोपी आहे. पाठाचा पहिला अर्धा भाग झाल्यावर मुलाला एखादा स्वतंत्र प्रश्न सोडवता येईल का? येत असेल तर पाठ कापता येतो. अर्ध्यावर थांबल्यावर मुलाच्या हातात काहीच येत नसेल, तर तो कापू नये.

आणि कापाकापी नेहमीचीच झाली तर उपाय टाचणात सापडत नाही, तो वेळापत्रकात असतो. महिन्याभरात पहिल्या तासाचे किती दिवस आणि किती मिनिटं गेली, याची नोंद टाचणाच्या वहीत असेल तर मुख्याध्यापकांपुढे तक्रारीऐवजी आकडे ठेवता येतात. जयंती आणि मोठे कार्यक्रम वर्षाच्या सुरुवातीलाच ठाऊक असतात. त्या दिवशी सगळेच तास पाच-पाच मिनिटांनी लहान केले तर एकाच विषयाची वीस मिनिटं जात नाहीत. किंवा त्या दिवसापुरती तासांची अदलाबदल करता येते: कार्यानुभव किंवा चित्रकला परिपाठाला जोडून, आणि गणित मधल्या सुट्टीनंतर, पूर्ण चाळीस मिनिटांचं.